नामंजूर रजेचा हिशेब

दुकाने व आस्थापना कायद्यातली २०२५ ची दुरुस्ती गाजली ती कामाचे तास नऊवरून दहावर गेल्यामुळे. त्याच निर्णयात दुसरी एक मर्यादा हलली आणि गोंदियासारख्या जिल्ह्याला झोंबणारी खरी बाब तीच आहे. पूर्वी दहा किंवा अधिक कामगार असले की हा कायदा पूर्णपणे लागू व्हायचा, आता वीस लागतात. त्याहून लहान आस्थापनेने फक्त सूचना द्यायची. गोंदिया, तिरोडा, आमगाव या पट्ट्यातल्या भातगिरण्यांची कार्यालयं, पतसंस्था, कर सल्लागारांच्या कचेऱ्या अशा अनेक ठिकाणी माणसं वीसच्या आतच असतात. आठ किरकोळ रजा, वीस दिवसांच्या कामामागे एक अर्जित रजा आणि पंचेचाळीस दिवसांपर्यंत साठवण हा २०१७ च्या कायद्याने दिलेला हक्क त्यांच्यापुरता आता नेमणूकपत्रावर आणि मालकाच्या शब्दावर आला. त्यामुळे रजेची वही पूर्वीपेक्षा जास्त काटेकोर लागेल, आणि त्या वहीतला सर्वांत महत्त्वाचा शब्द ‘मंजूर’ नसून ‘नामंजूर’ आहे, असं माझं म्हणणं आहे.

बहुतेक लहान कार्यालयांत रजेचा हिशेब म्हणजे नावासमोर एक आकडा असतो. रजा घेतली की मुनीम तो खोडतो आणि नवा लिहितो. हा आकडा कुठून आला हे त्यालाच सांगता येत नाही. बँकेच्या पासबुकात जशी प्रत्येक जमा आणि प्रत्येक उचल वेगळ्या ओळीत असते, तशीच रजाही लिहायला हवी. शिल्लक ही लिहायची गोष्ट नाही, ती बेरजेतून निघते. तक्ता संगणकावर असेल तर पाच रकाने पुरतात: नाव, तारीख, नोंदीचा प्रकार, दिवस (जमा अधिक, उचल उणे) आणि स्थिती. ‘H2’ मध्ये नाव टाकलं की शिल्लक एवढ्याने मिळते:

```
=SUMIFS(D:D, A:A, H2, E:E, "मंजूर")
```

दर महिन्याची जमा ‘मंजूर’ म्हणूनच चढते. निर्णय न झालेला अर्ज ‘प्रलंबित’ राहतो. त्याची बेरीज वेगळी काढून शिल्लकीतून वजा दाखवावी लागते, नाहीतर उरलेल्या चार दिवसांवर दोन अर्ज येतात आणि दोन्ही मंजूर होऊन बसतात. नामंजूर अर्ज कुठल्याच बेरजेत येत नाही, पण ओळ मात्र पुसायची नाही. किरकोळ रजेचं खातं निराळं ठेवलेलं बरं, कारण ती तिमाहीने जमा होते आणि वर्षाअखेर सगळीच बुडते.

दरमहा जमेत पहिली चूक होते ती पूर्णांकाची. वर्षाला तीनशे दिवस काम धरलं तर वीसामागे एक या दराने पंधरा दिवस होतात, म्हणजे महिन्याला सव्वा दिवस. कायद्यात ही रजा आदल्या वर्षाच्या कामावर, तेही दोनशे चाळीस दिवस भरले तर, पुढच्या वर्षी मिळते. महिन्यावारी जमा ही कार्यालयाची सोय. सोयीसाठी सव्वाचा एक केला की वर्षात तीन दिवस गेले, दीड केला की तीन दिवस वाढले. सव्वा हा सव्वाच ठेवावा, पूर्ण दिवसाचा विचार रजा देताना करावा.

दुसरी चूक साठवणीच्या मर्यादेची, आणि ती महाग पडते. एका गिरणीच्या कार्यालयातला लेखनिक धरू. जानेवारीच्या सुरुवातीला त्याच्या खात्यावर चाळीस दिवस आहेत, दर महिन्याच्या शेवटी सव्वा दिवस जमा होतो आणि ऑक्टोबरात तो सहा दिवसांची रजा घेतो. सूत्रातच ‘पंचेचाळीसच्या वर जाऊ नये’ असं घातलं असेल तर एप्रिलअखेर तो पंचेचाळीसवर पोचतो आणि मे ते सप्टेंबर या पाच महिन्यांचे सव्वासहा दिवस निमूट गळतात. डिसेंबरअखेर हातात उरतात पावणेत्रेचाळीस. मर्यादा वर्षाअखेर एकदाच लावली तर चाळीस अधिक पंधरा उणे सहा, म्हणजे एकोणपन्नास होतात. त्यातले पंचेचाळीस पुढे जातात आणि चार उरतात. मूळ हक्कच वर्षातून एकदा मिळत असल्याने मर्यादाही तेव्हाच तपासणं रास्त आहे. महत्त्वाचं हे की पहिल्या पद्धतीत हे चार दिवस कुणाला दिसतच नाहीत.

दिसायला हवेत, कारण त्यांचं काय करायचं हे नामंजुरीवर ठरतं. २०१७ च्या कायद्यानुसार पंधरा दिवस आधी मागितलेली अर्जित रजा मालकाने नाकारली, तर पंचेचाळीसच्या वरचे दिवस रोखीत घेण्याचा हक्क कामगाराला आहे. याच लेखनिकाने दिवाळीनंतरच्या मंडईसाठी पाच दिवस मागितले असतील, अर्ज वीस दिवस आधी दिला असेल, आणि मालकाने नवा धान येतोय म्हणून नाही म्हटलं असेल, तर ते चार दिवस बुडीत नव्हेत, पगारात मिळायला हवेत. अर्जाची तारीख आणि नकाराची ओळ नसेल तर आळसाने न घेतलेली रजा आणि मागूनही न मिळालेली रजा कागदावर सारखीच दिसते. आपल्याकडे तर हे दरवर्षीचं आहे: गावाकडची मंडई आणि गिरणीचा हंगाम एकाच सुमारास येतात, त्यामुळे नकारही त्याच दिवसांत साचतात. शिवाय ‘बघू’ हे उत्तर ना होकार ना नकार. म्हणून प्रलंबित अर्जाला मुदत हवी. सात दिवसांत उत्तर नाही तर तो नामंजूर म्हणून चढावा, असं मी सुचवेन.

मालक म्हणेल, नकार लिहून ठेवणं म्हणजे स्वतःविरुद्ध पुरावा तयार करणं. पुरावा एरवीही असतोच, मोबाइलवरच्या संदेशात. फरक इतकाच की तो एका बाजूकडे असतो. वहीत नकार दिसला तर मालकाला निदान जून महिन्यात किंवा रोवणी संपल्यावर बदली रजा देऊन हिशेब मिटवता येतो. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: वीसच्या आतल्या कार्यालयाला तो कायदाच नाही, मग त्याचे नियम कशाला पाळायचे? पण केंद्राची व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यपरिस्थिती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे आणि ती दहा कामगारांपासून सुरू होते. तिच्यात रजेसाठी एकशे ऐंशी दिवसांचं काम पुरतं, पुढे नेता येतात तीस दिवस, आणि मागूनही नाकारलेली रजा मात्र कुठल्याही मर्यादेशिवाय पुढे जाते. बारा माणसांच्या कार्यालयाने कोणता नियम धरायचा हे सल्लागाराला विचारावं. मर्यादा पंचेचाळीस निघो की तीस, नकाराची तारीखवार नोंद दोन्हीकडे लागतेच. सहा माणसांच्या कचेरीत ती निव्वळ करार म्हणून लागते, विशेषतः माणूस नोकरी सोडतो तेव्हाच्या हिशेबाला.

या सगळ्याचा पाया कच्चा राहतो तो पहिल्या ओळीत. नवी वही सुरू करताना जुना आकडा तसाच उतरवला तर जुनी गळतीही सोबत येते. आरंभीची शिल्लक मागच्या हजेरीपटावरून पुन्हा काढावी, त्या ओळीवर मालक आणि कर्मचारी दोघांनी सही करावी, आणि वर्षाअखेर बुडीत दिवस काढताना ‘व्यपगत’ अशी उणे ओळ त्याच दोन सह्यांनी घालावी.