हालचाल दिसली की कर्ता दिसतो

1944 मध्ये फ्रिट्झ हायडर आणि मेरिॲन झिमेल यांनी एक छोटी चित्रफीत दाखवली. दोन त्रिकोण, एक वर्तुळ आणि उघडझाप होणारा चौकोन, एवढेच तिच्यात होते. ‘काय दिसले ते लिहा’ असे सांगितलेल्या 34 विद्यार्थिनींपैकी फक्त एकीने निव्वळ आकारांची हालचाल वर्णिली. बाकीच्यांना पाठलाग, दांडगाई, भीती दिसली. हेतू शोधण्याची ही सवय इतकी तत्पर का? मानववंशशास्त्रज्ञ स्ट्युअर्ट गथ्री यांच्या मते हा पैजेचा हिशेब आहे: झुडपातली सळसळ वाऱ्याची असताना दचकलो तर नुकसान किरकोळ, पण वाघाची असताना दुर्लक्ष केले तर जीवच जातो. मानसशास्त्रज्ञ जस्टिन बॅरेट यांनी या प्रवृत्तीला अतितत्पर कर्ताशोधक यंत्रणा म्हटले. कर्ता सापडला नाही, तर अदृश्य कर्ता मानणे सोपे होते; देवावरची श्रद्धा इथूनच उगवते, असा हा युक्तिवाद.

त्यावरचा आक्षेप रास्त आहे: सळसळीने दचकलेला माणूस क्षणात सावरतो, देव मात्र पिढ्यान्‌पिढ्या टिकतात. शिवाय कर्ते चटकन ओळखणारेच अधिक श्रद्धाळू असतात, याचा प्रायोगिक पुरावा कमकुवत आहे. म्हणून मला ही यंत्रणा श्रद्धेचा उगम वाटत नाही. ती अदृश्य कर्त्याची कल्पना पटण्याजोगी करते. तो कर्ता पितर, जिन्न की देवदूत, हे घर आणि परंपरा शिकवतात. यावरून देव नाही असेही सिद्ध होत नाही. खुद्द बॅरेट श्रद्धावान ख्रिस्ती आहेत.