दहावीनंतर काय? दोघांच्या संवादातून

दहावीच्या आसपास भाषेच्या सरावात संवादलेखनाला एक विषय हमखास येतो : शाखा कोणती निवडायची? वह्यांमध्ये त्याचं उत्तरही ठरलेलं असतं. एक म्हणतो, मी सायन्स घेणार. दुसरा म्हणतो, मी कॉमर्स. मग दोघं एकमेकांना शुभेच्छा देतात आणि घरी जातात. असा संवाद पारखायची सोपी खूण आहे. पहिल्याचं वाक्य झाकून दुसऱ्याचं वाचावं. ते जसंच्या तसं उभं राहत असेल, तर दोघं एकमेकांशी बोललेलेच नाहीत.

खरं बोलणं तेव्हा सुरू होतं, जेव्हा एकाला ठाऊक असलेली गोष्ट दुसऱ्याचा बेत हलवते. समजा, निकाल लागलाय, अकरावीचा अर्ज भरायचाय आणि ओंकार-मृण्मयी भेटलेत.

ओंकार : माझं ठरलं. सायन्स. पण गणित सोडून बायो घेणार.

मृण्मयी : बायो? तुला एनडीएतून वायुदलात जायचंय ना?

ओंकार : हो, मग? सायन्स असलं की झालं!

मृण्मयी : नाही रे. वायुदल आणि नौदलासाठी बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री आणि गणित तिन्ही लागतं.

ओंकार : काय सांगतेस! आणि आर्मीला?

मृण्मयी : आर्मीला कुठलीही शाखा चालते. पण लेखी परीक्षेत गणिताचा पेपर सगळ्यांनाच आहे.

ओंकार : म्हणजे सुटका नाहीच... तुझं काय? एवढे मार्क पडून कॉमर्स?

मृण्मयी : आईपण तेच म्हणते. सायन्स घे, बारावीनंतर कॉमर्सला जाता येतं.

ओंकार : येतंच की.

मृण्मयी : येतं. पण मला सीए व्हायचंय. बारावीनंतर फाउंडेशन द्यायची, तर तिचा पहिलाच पेपर अकाउंटिंगचा. दोन वर्षं मी फिजिक्स-केमिस्ट्री करायचं आणि जमा-नावे शिकायचं कधी?

ओंकार : तिथे गणित नाही ना? सुटलीस!

मृण्मयी : फाउंडेशनला आहे. अकरावी कॉमर्सला ते ऐच्छिक असतं, पण मी घेणार.

या संवादात मोठी भाषणं नाहीत. माहिती आहे, पण ती प्रश्नाच्या पोटातून येते. मृण्मयीनं एनडीएची पात्रता एका दमात सांगितली असती, तर ते माहितीपत्रक झालं असतं. ओंकारनं ‘आणि आर्मीला?’ विचारलं म्हणून पुढचं वाक्य आलं. ‘बायो?’ हा एकशब्दी प्रश्न, ‘नाही रे’, ‘येतंच की’ अशी अर्धी वाक्यं हे मुलांचं रोजचं बोलणं आहे. ‘विज्ञान शाखेत उज्ज्वल भवितव्य आहे’ असं कोणताही सोळा वर्षांचा मुलगा मित्राला सांगत नाही.

ओंकारची चूक घरोघरी होते. शाखेचं नाव ठरलं की निवड संपली, असं वाटतं. प्रत्यक्षात पुढची वाट विषयांवर ठरते. गणित न घेता फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी घेणाऱ्याला वैद्यकीयची ‘नीट’ देता येते, पण एनडीएतून वायुदलाचा रस्ता त्याच्यासाठी बंद होतो. चारही विषय घेणारेही असतात. दोन्ही रस्ते उघडे राहतात, अभ्यास मात्र वाढतो. हे अर्ज भरण्याआधी कळलं, तर एका विषयाच्या बदलावर भागतं. बारावीत कळलं, तर दोन वर्षं हातची गेलेली असतात.

मृण्मयीच्या आईचं म्हणणं खोटं नाही. सायन्सकडून कॉमर्स किंवा आर्ट्सकडे वळता येतं. उलट दिशेनं डॉक्टरकीकडे थेट जाता येत नाही, कारण बारावीचे विषयच हाती नसतात. त्यामुळे ज्याचं काहीच ठरलेलं नाही, त्याला आईचा सल्ला लागू पडतो. मृण्मयीचं ठरलेलं आहे. तिच्यासाठी ती दोन वर्षं हिशेबाची सवय लावण्याची आहेत. चांगल्या संवादात दोन्ही बाजूंना असं वजन हवं. आईला हट्टी ठरवलं, की संवाद लगेच एकतर्फी होतो.

सराव वाढवायचा असेल, तर पात्रं तीच ठेवून ओंकारचा बेत बदलून पाहावा. त्याला यंत्रांत रस आहे आणि अकरावीत जायचंच नाही, असं धरू. मग मृण्मयीचा पहिला प्रश्न वेगळा येईल : ‘डिप्लोमा केल्यावर पुढे इंजिनीअर होता येतं का?’ ओंकारला उत्तर माहीत हवं. दहावीनंतर तीन वर्षांचा पॉलिटेक्निकचा अभ्यासक्रम, आणि तिथून पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश. त्यावर मृण्मयी विचारेल, ‘आणि मध्येच वाटलं, डॉक्टर व्हावं, तर?’ इथे ओंकारला क्षणभर थांबावं लागेल, कारण त्या डिप्लोमात बायोलॉजी नसते.