पगार वाढला, हुरूप का नाही?

धरून चाला की एका मध्यम आकाराच्या कंपनीने एप्रिलपासून सरसकट सगळ्यांना 12 टक्के पगारवाढ दिली. पगाराची कुरकुर थांबली. पण दिवाळी येईपर्यंत काम एकमेकांवर ढकलणं आणि दुसरीकडे अर्ज टाकणं पुन्हा सुरू झालं. साहेब वैतागून म्हणतात, "आणखी किती द्यायचं यांना?"

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांच्याकडे याचं उत्तर होतं. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पिट्सबर्ग परिसरातल्या सुमारे 200 अभियंत्यांना आणि हिशेबनिसांना विचारलं, कामावर फार बरं किंवा फार वाईट वाटलं असा एखादा प्रसंग सांगा. 1959 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वाईट प्रसंगांत कंपनीची धोरणं, वरिष्ठांचं वागणं, कामाची जागा अशा गोष्टी येत होत्या. चांगल्या प्रसंगांत यश, शाबासकी, जबाबदारी आणि खुद्द काम होतं. पहिल्या गटाला त्यांनी हायजीन घटक म्हटलं. शुद्ध पाण्याने रोगराई टळते, अंगात ताकद येत नाही, तसं. दुसरा गट प्रेरक घटकांचा. म्हणजे असमाधान दूर झालं की समाधान आपोआप येतं, हा आपला हिशेबच त्यांनी मोडीत काढला.

गंमत पगाराची आहे. तो दोन्हींकडे जवळपास सारखाच आढळला. पण प्रसंग बारकाईने पाहिले तर वाईट आठवणींत तक्रार बहुधा अन्यायाची होती: वाढ उशिरा मिळाली, कुरकुरत मिळाली, किंवा नव्याला जुन्याइतकंच मिळालं. चांगल्या आठवणींत वाढ एखाद्या कामगिरीमागून आलेली होती. पैसा तिथे कौतुकाची पावती होता. आपल्या कंपनीची सरसकट वाढ इथेच फसते. राबणाऱ्याला आणि टाळणाऱ्याला एकच आकडा मिळाला, तर त्यात पावती कुठली?

मग करायचं काय? 1968 च्या एका लेखात हर्झबर्ग यांनी मोठ्या कंपनीतल्या, भागधारकांच्या पत्रांना उत्तरं लिहिणाऱ्या कर्मचाऱ्यांचा प्रयोग मांडला. त्यांना स्वतःच्या नावाने सही करू दिली, अनुभवी लोकांच्या पत्रांची तपासणी खूप कमी केली, अवघड विषयांसाठी त्यांच्यातलेच जाणकार नेमले. सुरुवातीला कामगिरी घसरली. कुणीही साहेब इथे घाबरून प्रयोग गुंडाळला असता! सहा महिन्यांच्या अखेरीस मात्र हा गट इतरांपेक्षा वरचढ ठरला.

आक्षेपही आहेत. माणूस यशाचं श्रेय स्वतःला देतो आणि अपयशाचं खापर परिस्थितीवर फोडतो, त्यामुळे अशा मुलाखतींतून दोन गट पडणारच, असं टीकाकार म्हणतात. ते मला पटतं. शिवाय घरभाडंच भागत नसेल, तर सहीच्या अधिकाराने कुणाचं पोट भरणार? म्हणून वाढ देण्याआधी तक्रार नीट ऐकावी. "परवडत नाही" म्हणणाऱ्याला पैसे द्यावेत, "मी केलं काय आणि नाही केलं काय, कुणाला फरक पडतो?" असं म्हणणाऱ्याचं काम बदलून पाहावं.