तीन सेंटिमीटरची खिडकी

हायड्रोजनच्या अणूची ऊर्जापातळ्यांची आकृती बारावीच्या पुस्तकात पाहिली नाही असा विज्ञान शाखेचा विद्यार्थी नसेल. एकावर एक आडव्या रेषा, त्यांच्यामधून खाली येणारे बाण आणि बाजूला लायमन, बामर, पाश्चेन ही नावे. परीक्षेपुरते पाठ होते, पण एक प्रश्न तसाच राहतो. एवढ्या सगळ्या बाणांपैकी फक्त बामर श्रेणीतलेच मोजके बाण डोळ्यांना दिसणारा प्रकाश का देतात? पुष्कळ ठिकाणी ही आकृती प्रमाणात काढलेली नसते. जागा पुरावी म्हणून वरच्या रेषा लांब लांब सरकवलेल्या असतात आणि उत्तर तिथेच झाकले जाते.

म्हणून ही आकृती एकदा स्वतः फुटपट्टीने काढावी. आलेखाचा कागद घ्या आणि 1 सेंटिमीटर म्हणजे 1 इलेक्ट्रॉन व्होल्ट असे प्रमाण धरा. इलेक्ट्रॉन व्होल्ट हे अणूंच्या जगातले ऊर्जेचे सोयीचे माप आहे. तळाशी एक आडवी रेषा मारा. ही पहिली पातळी, इलेक्ट्रॉनची सर्वांत कमी ऊर्जेची जागा. तिच्यापासून 13.6 सेंटिमीटर उंचीवर तुटक रेषा काढा. तिथे पोचलेला इलेक्ट्रॉन अणूच्या पकडीतून सुटतो. पुस्तकात या सुटण्याच्या रेषेला शून्य मानतात, त्यामुळे खालच्या सगळ्या पातळ्यांच्या ऊर्जा उणे चिन्हाने लिहिल्या जातात. ते चिन्ह एवढेच सांगते की इलेक्ट्रॉन अजून अणूच्या ताब्यात आहे आणि त्याला सोडवायला तेवढी ऊर्जा द्यावी लागेल.

आता मधल्या पातळ्या. पातळीच्या क्रमांकाचा वर्ग करायचा, 13.6 ला त्याने भागायचे आणि येईल तेवढे अंतर वरच्या तुटक रेषेपासून खाली मोजायचे. दुसरी पातळी 13.6 भागिले 4, म्हणजे 3.4 सेंटिमीटर खाली येते. तिसरी 1.51, चौथी 0.85, पाचवी 0.54 आणि सहावी 0.38 सेंटिमीटर खाली. काढून झाल्यावर कागदाकडे पाहा. पहिल्या आणि दुसऱ्या पातळीच्या मध्ये दहा सेंटिमीटरहून अधिक मोकळी जागा आहे आणि उरलेल्या अगणित पातळ्या वरच्या साडेतीन सेंटिमीटरमध्ये दाटीवाटीने बसल्या आहेत. जिना चढताना पहिलीच पायरी माणसाच्या उंचीची आणि पुढच्या पायऱ्या बोटाच्या पेराएवढ्या, असा हा प्रकार आहे.

इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवरून खालच्या पातळीवर येतो तेव्हा दोन्हींमधल्या फरकाइतकी ऊर्जा प्रकाशकणाच्या रूपाने बाहेर पडते. आपल्या कागदावर ही ऊर्जा म्हणजे बाणाची लांबी. डोळ्यांना साधारण 700 ते 400 नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश दिसतो. 1240 ला नॅनोमीटरमधल्या तरंगलांबीने भागले की ऊर्जा इलेक्ट्रॉन व्होल्टमध्ये मिळते, म्हणून ही मर्यादा 1.77 ते 3.10 इलेक्ट्रॉन व्होल्ट अशी येते. कागदाची एक पट्टी कापा, तिच्यावर 1.77 आणि 3.10 सेंटिमीटरवर खुणा करा आणि प्रत्येक बाणाला लावून पाहा. ज्या बाणाचे टोक या दोन खुणांमध्ये पडेल, तोच आपल्याला दिसेल.

पहिल्या पातळीवर येणाऱ्या बाणांपासून सुरुवात करा. त्यांतला सर्वांत आखूड बाणही 10.2 सेंटिमीटरचा आहे. तो पट्टीच्या पार पलीकडे जातो, म्हणजे सगळी लायमन श्रेणी अतिनील. तिसऱ्या पातळीवर येणारे बाण घ्या. त्यांना 1.51 सेंटिमीटरपेक्षा जास्त लांब होताच येत नाही, कारण वर तेवढीच जागा उरली आहे. ते 1.77 च्या खुणेला पोचत नाहीत, म्हणून पाश्चेन श्रेणी अवरक्त. चौथ्या आणि त्यावरच्या पातळ्यांवर येणारे बाण तर आणखी आखूड. दिसण्याची संधी फक्त दुसऱ्या पातळीवर उतरणाऱ्या बाणांना उरते.

तिथे पट्टी लावल्यावर तिसरीवरून येणारा बाण 1.89 सेंटिमीटर भरतो. ही 656 नॅनोमीटरची लाल रेषा. चौथीवरून येणारा 2.55, म्हणजे 486 नॅनोमीटरची निळसर हिरवी. पाचवीवरून 2.86, म्हणजे 434 नॅनोमीटरची निळी-जांभळी, आणि सहावीवरून 3.02, म्हणजे 410 नॅनोमीटरची जांभळी. सातवीवरून येणारा बाण 3.12 सेंटिमीटरचा, 3.10 च्या खुणेपलीकडे जेमतेम गेलेला. त्याची 397 नॅनोमीटरची रेषा डोळ्याच्या क्षमतेच्या अगदी काठावर असते. त्यापुढच्या सगळ्या रेषा 365 नॅनोमीटरच्या आसपास गर्दी करत अतिनीलात संपतात.

या चार रेषांचे गणित आकृतीच्या आधी सापडले होते, ही मला या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. स्वित्झर्लंडमधल्या बाझेल शहरात मुलींच्या शाळेत शिकवणारे योहान बामर 1885 मध्ये साठीला आले होते. आंगस्ट्रॉम यांनी मोजलेल्या चार तरंगलांबींकडे पाहता पाहता त्यांना दिसले की 364.56 या एका संख्येला 9/5, 4/3, 25/21 आणि 9/8 ने गुणले की चारही आकडे मिळतात. त्याच सूत्रातून त्यांनी पाचवी रेषा काढली, आणि ती आधीच मोजली गेली आहे हे त्यांना हागेनबाख या प्राध्यापकांकडून कळले. हे अपूर्णांक कुठून येतात हे सांगायला नील्स बोर यांचा 1913 चा अणू यावा लागला.

प्रयोगशाळेत हायड्रोजनची नळी पेटवल्यावर डोळ्यांना एकच गुलाबी झाक दिसते. जालकातून पाहिले की लाल आणि निळसर हिरवी रेषा चटकन सापडते, तिसरी जरा शोधावी लागते आणि चौथीसाठी खोली चांगली अंधारी हवी. त्यांच्या आजूबाजूला पुष्कळ फिक्या रेषाही दिसतात आणि विद्यार्थी गोंधळतात. त्या न फुटलेल्या हायड्रोजन रेणूच्या असतात. ही आकृती फक्त सुट्या अणूची आहे, रेणूच्या पातळ्या वेगळ्या. आणि समजा, 589 नॅनोमीटरवर पिवळी रेषा चमकली, तर? 1240 भागिले 589 म्हणजे 2.1. आपल्या कागदावर 1.89 आणि 2.55 यांच्या मधल्या लांबीचा एकही बाण नाही. ती रेषा हायड्रोजनची असूच शकत नाही. ती सोडियमची, बहुधा मिठाच्या एखाद्या कणातून आलेली.

बाण उलटे वर नेले की हीच आकृती प्रकाश शोषण्याची होते, आणि इथे एक चूक वारंवार घडते. थंड हायड्रोजनमधून पांढरा प्रकाश सोडला की चार काळ्या रेषा दिसतील असे लोक धरून चालतात. पण थंड वायूतले सगळे इलेक्ट्रॉन तळाशी, पहिल्या पातळीवर असतात. तिथून वर जाणारा सर्वांत आखूड बाण 10.2 सेंटिमीटरचा, म्हणून दिसणारा प्रकाश त्या वायूतून न अडता निघून जातो. काळ्या रेषा उमटायच्या तर काही अणू आधीच दुसऱ्या पातळीवर हवेत.

सूर्याच्या पृष्ठभागावर, सुमारे 5,800 केल्विनला, असे अणू अब्जामागे पाच-सहाच असतात. तरीही सूर्यावर हायड्रोजन इतका आहे की 656 नॅनोमीटरची काळी रेषा ठळक उमटते. अभिजित ताऱ्याचे तापमान दहा हजार केल्विनच्या आसपास आहे. तिथे हे प्रमाण लाखामागे दोन-तीन अणूंपर्यंत चढते आणि त्याच्या वर्णपटात बामर रेषा रुंद आणि गडद दिसतात. तारा याहूनही खूप तापला की त्या पुन्हा फिक्या होतात, कारण आता बहुतेक इलेक्ट्रॉन आपल्या कागदावरची तुटक रेषा ओलांडून गेलेले असतात.