गळ्यातील नळीची रोजची वही

ट्रॅकिऑस्टॉमी झालेल्या रुग्णाच्या नोंदी बहुधा विखुरलेल्या असतात: थोड्या परिचारिकेच्या कागदावर, थोड्या घरच्यांच्या फोनमध्ये, उरलेल्या तोंडीच. त्या एका वहीत आणताना प्रत्येक नोंद तिच्या वेळेसमोर बसवावी. वेळ ठाऊक नसेल तर अंदाजाने घालू नये, ‘वेळ माहीत नाही’ असेच लिहावे.

नळीचा प्रकार, आकार आणि ती बसवल्याची तारीख पहिल्या पानावर हवी. सर्वाधिक घोटाळा ‘नळी बदलली’ या दोन शब्दांनी होतो. दुपदरी नळीतली आतली नळी दिवसातून अनेकदा काढून स्वच्छ करतात. बाहेरची नळी मात्र साधारणपणे महिनाभर राहू शकते आणि ती केव्हा बदलायची हे डॉक्टर ठरवतात. दोन्हींसाठी वेगळे रकाने ठेवले की बाहेरच्या नळीची मुदत चुकत नाही.

सक्शन घड्याळ लावून करत नाहीत. घरघर ऐकू आली, खोकला वाढला किंवा ऑक्सिजन उतरला की करतात. म्हणून सक्शनच्या वेळा हीच मोठी माहिती असते. समजा, मंगळवारी चार वेळा सक्शन लागले आणि स्राव पातळ, पांढरा होता. बुधवारी सहा वेळा लागले, स्राव चिकट झाला. गुरुवारी आठ वेळा लागले आणि आतल्या नळीत खपली धरलेली दिसली. रंग तोच, वास नाही, ताप नाही. अशा वेळी पहिला संशय हवेतील ओलावा कमी पडल्याचा. स्राव पिवळा-हिरवा, दुर्गंधीयुक्त आणि सोबत ताप असता, तर संशय जंतुसंसर्गाकडे गेला असता. ‘स्राव नेहमीसारखा’ अशा शेऱ्यातून यातले काहीच कळले नसते.

नळीभोवतीच्या फुग्याला, म्हणजे कफला, वेगळा रकाना लागतो; ‘कफ वाढला’ असे लिहिल्यास बेडका वाढला की दाब, हे वाचणाऱ्याला उमगत नाही. मोठ्या माणसात हा दाब पाण्याच्या 20 ते 30 सेंटिमीटरच्या दरम्यान ठेवतात. त्याहून जास्त दाबाने श्वासनलिकेच्या अस्तराचा रक्तपुरवठा दबतो. कमी पडला तर लाळ फुग्याच्या कडेने खाली उतरते. दाब बोटाने चाचपून कळत नाही, दाबमापकच लागतो. वहीत मात्र अनेकदा हवा भरल्यानंतरचा आकडाच येतो. तीन पाळ्यांत ओळीने 25 दिसले की सारे ठीक वाटते. तपासताना प्रत्येक वेळी 16 सापडले होते, हे लिहिले असते तर फुगा किंवा त्याची झडप गळते आहे, ही शंका पहिल्याच दिवशी आली असती. तेव्हा सापडलेला आणि नंतर ठेवलेला, असे दोन्ही आकडे लिहावेत.

सक्शननंतर रक्ताची एखादी रेघ दिसली तर ती नोंदवून पुढच्या वेळी लक्ष ठेवता येते. ताजे लाल रक्त वाहिले तर गोष्ट वेगळी. ते आपोआप थांबले, तरी मोठ्या रक्तवाहिनीला इजा झाल्याची ती पूर्वसूचना असू शकते. तेव्हा आधी डॉक्टरांना बोलवावे, वही नंतर भरावी.