निकाल लागल्यानंतर किल्ली कोणाकडे?

१९८५ साली मुंबई विद्यापीठाची एमडीची एक परीक्षा झाली आणि तिच्या गुणपत्रकाचा वाद उच्च न्यायालयात पोहोचला. परीक्षार्थींमध्ये तत्कालीन मुख्यमंत्र्यांची कन्या होती. गुणपत्रकात फेरफार झाल्याचा निष्कर्ष न्यायालयाने काढला आणि मार्च १९८६ मध्ये शिवाजीराव पाटील निलंगेकर यांनी मुख्यमंत्रिपदाचा राजीनामा दिला. या प्रकरणाचे राजकारण अनेकांच्या लक्षात राहिले. परीक्षा विभागात काम केलेल्या माणसाला त्यातली दुसरीच गोष्ट आठवते: फेरफार कागदावर झाला होता. कागदावर खाडाखोड केली की शाई दिसते, अक्षर बदललेले दिसते आणि शेजारी सही नसेल तर तेही दिसते.

आता गुण सॉफ्टवेअरमध्ये असतात. तिथे २१ पुसून २५ लिहिले की २१ कुठेच उरत नाहीत. तक्त्यातली जुनी किंमत जाते, नवी बसते आणि पडद्यावर सगळे स्वच्छ दिसते. कागदावरची शाई जे काम आपोआप करत होती, ते सॉफ्टवेअरमध्ये कोणीतरी मुद्दाम बांधावे लागते.

निकाल जाहीर होण्यापूर्वी गुण बदलणे हा कामाचाच भाग असतो. परीक्षक गुण भरतात, मॉडरेशन होते, ग्रेसचे गुण लागतात, अंतर्गत गुणांतल्या चुका दुरुस्त होतात. निकाल लागला की त्याच आकड्यांचे स्वरूप बदलते. विद्यार्थ्याच्या हातात गुणपत्रिका गेलेली असते, कोणी पुढच्या प्रवेशाचा अर्ज केलेला असतो, कोणाची एटीकेटी ठरलेली असते. म्हणून चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये ‘निकाल जाहीर’ हे बटण दाबताच त्या परीक्षेचे सगळे गुण गोठतात. प्राध्यापकांना ते दिसतात, पण बदलता येत नाहीत. परीक्षा विभागातल्या कारकुनालाही नाही आणि परीक्षा नियंत्रकांनाही नाही. शेवटचा मुद्दा अनेक महाविद्यालयांना पटत नाही. ‘साहेबांना तरी अधिकार हवा ना?’ असा प्रश्न येतोच. साहेबांना मंजुरीचा अधिकार हवा. गुण टंकण्याचा अधिकार त्यांनाच दिला, तर मंजुरी मागायची कोणाकडे?

पण कायमचे कुलूपही चालत नाही, कारण चुका खऱ्या असतात. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सीबीएसईच्या एका खटल्यात निकाल दिला, की माहितीच्या अधिकारात विद्यार्थ्याला स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहता येते. छायाप्रत हातात आली की बेरजेतली चूक विद्यार्थीच बोट ठेवून दाखवतो. ती दुरुस्त करायला कुलूप उघडावेच लागते. किती उघडायचे, कोणी उघडायचे आणि उघडल्याची खूण कुठे ठेवायची, यावर सगळे अवलंबून असते.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका स्वायत्त महाविद्यालयात बीएस्सीच्या दुसऱ्या सत्राचा निकाल लागला आहे. रसायनशास्त्राचा लेखी पेपर ६० गुणांचा, उत्तीर्ण व्हायला २४ हवेत. एका मुलीला २१ मिळाले. तिने छायाप्रत मागवली. तिसऱ्या प्रश्नाच्या ‘ब’ भागाला परीक्षकाने आतल्या पानावर ४ गुण दिलेले आहेत, पण मुखपृष्ठावरच्या चौकटीत ते उतरवलेच नाहीत. खरी बेरीज २५.

तिचा अर्ज आल्यावर परीक्षा विभागातला कारकून सॉफ्टवेअरमध्ये ‘अनलॉक’ची विनंती तयार करतो. त्यात बैठक क्रमांक, विषय आणि नेमका घटक लिहावा लागतो: लेखी परीक्षा, अंतर्गत गुण नव्हेत. जुने गुण सॉफ्टवेअर स्वतःच भरते. प्रस्तावित गुण आणि कारण कारकून भरतो, आणि मुखपृष्ठाची व आतल्या पानाची स्कॅन केलेली प्रत जोडल्याशिवाय विनंती पुढे सरकत नाही. कारण यादीतून निवडायचे असते: बेरजेची चूक, न तपासलेले उत्तर, पुनर्मूल्यांकनाचा निर्णय, बैठक क्रमांकाची अदलाबदल. ‘इतर’ हा पर्याय ठेवला की दोन सत्रांत निम्म्या विनंत्या तिथेच जमतात, म्हणून तो नसलेला बरा.

विनंती आधी विभागप्रमुखांकडे जाते. त्या पाने पाहून बेरीज बरोबर असल्याचे कळवतात. मग परीक्षा नियंत्रक मंजुरी देतात. सॉफ्टवेअरने इथे एक साधा नियम कडकपणे पाळायचा असतो: ज्याने विनंती केली त्याला ती मंजूर करता येणार नाही. बँकेत धनादेश एकजण तयार करतो आणि दुसरा पास करतो, तसेच हे.

मंजुरी मिळाल्यावर काय उघडते? चांगल्या रचनेत फक्त एक खण उघडतो: त्या मुलीचा, त्या विषयाचा, लेखी गुणांचा. तोही ठरलेल्या वेळेपुरता, समजा दोन तास, आणि एकाच नावाच्या खात्यासाठी. कारकून २५ भरतो. मंजूर झालेला आकडा २५ असल्यामुळे २६ भरले तर सॉफ्टवेअर घेत नाही. खण लगेच बंद होतो. दोन तासांत काही भरलेच नाही, तरी बंद होतो आणि नवी विनंती करावी लागते.

सगळ्यात जास्त गडबड या टप्प्यावर होते. सोय म्हणून अनेक ठिकाणी ‘अनलॉक’ म्हणजे अख्ख्या विषयाचे कुलूप काढणे असते. एका मुलीसाठी विनंती येते आणि वर्गातल्या १२० जणांचे गुण दिवसभर उघडे राहतात. संध्याकाळी कुलूप लावायचे कोणाच्या लक्षात राहिले नाही, तर पुढचा आठवडाभरही. मंजुरीचा कागद अगदी नियमात असतो, पण तो एका बदलाचा असतो आणि दार १२० बदलांना मोकळे असते.

मूडल हे जगभर वापरले जाणारे, आपल्याकडेही अनेक महाविद्यालयांनी घेतलेले मुक्त सॉफ्टवेअर. त्याच्या गुणवहीत कुलूप लावण्याची सोय आहे. कुलूप लावण्याची परवानगी `moodle/grade:lock` आणि काढण्याची `moodle/grade:unlock` अशी वेगवेगळी ठेवता येते, ही त्यातली शहाणपणाची गोष्ट. पण ज्याच्याकडे दुसरी परवानगी आहे तो कोणाला न विचारता कुलूप काढू शकतो. विनंती आणि मंजुरीची साखळी महाविद्यालयाला बाहेर उभी करावी लागते. मूडल गुणांच्या बदलांचा इतिहासही ठेवते, पण तो किती दिवस ठेवायचा किंवा ठेवायचाच की नाही हे प्रशासकाच्या हातातल्या सेटिंगवर ठरते. मूडल मुळात शिकवण्यासाठी बनले आहे, तेव्हा यात त्याचा दोष नाही. मात्र त्यातले अंतर्गत गुण निकालात धरणाऱ्यांनी ते सेटिंग एकदा उघडून पाहावे.

आता नोंदीकडे येऊ. ‘गुण अद्ययावत केले’ एवढीच नोंद ठेवणारे सॉफ्टवेअर जवळपास निरुपयोगी असते. आपल्या उदाहरणातल्या नोंदीत जुने २१ आणि नवे २५ दोन्ही हवेत, बदल करणाऱ्याचे खाते, सर्व्हरच्या घड्याळाची वेळ आणि विनंतीचा क्रमांक हवा. बदलामुळे पुढे जे जे हलले तेही हवे: नापासाचा शेरा गेला, सत्राचा एसजीपीए बदलला, जुनी गुणपत्रिका रद्द होऊन नवी निघाली. गुणपत्रिका डिजिलॉकरमध्ये गेली असेल तर तिथलीही बदलावी लागते. नाहीतर एकाच मुलीच्या नावावर दोन खऱ्या गुणपत्रिका फिरत राहतात.

ही नोंद भरता यावी, पण पुसता येऊ नये. परीक्षेचे सॉफ्टवेअर डेटाबेसमध्ये ज्या खात्याने शिरते, त्याचा नोंदीच्या तक्त्यावरचा बदलण्याचा आणि खोडण्याचा अधिकार काढून घ्यायचा:

```sql
REVOKE UPDATE, DELETE, TRUNCATE
ON marks_log FROM exam_app;
```

एवढ्याने सॉफ्टवेअरचा रस्ता बंद होतो, पण डेटाबेसच्या प्रशासकाचा नाही. तो मागच्या दाराने थेट गुणांच्या तक्त्यात जाऊ शकतो, आणि बहुतेक महाविद्यालयांत हा माणूस महाविद्यालयाचा नसतोच, तो सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपनीचा असतो. त्यासाठी निकालाच्या दिवशी सगळ्या गुणांची एक गोठवलेली प्रत काढतात आणि तिचा ‘हॅश’ काढतात. हॅश म्हणजे फाइलचा अंगठ्याचा ठसा. एक आकडा बदलला तरी तो ओळखू न येण्याइतका बदलतो. हा ठसा छापून परीक्षा समितीच्या इतिवृत्तात चिकटवला आणि प्रत प्राचार्यांच्या कपाटात ठेवली, की प्रशासकाचा हात तिथे पोहोचत नाही. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक नोंद न्यायालयात द्यायची झाल्यास प्रमाणपत्रात हॅश नमूद करावा लागतोच, तेव्हा ही सवय दोन्हीकडे उपयोगी पडते.

या सगळ्याला काही गोष्टी सहज हरवतात. परीक्षा विभागाचा एकच पासवर्ड चौघांत फिरत असेल, तर नोंदीतले नाव कोणाचेच नसते. नियंत्रक बैठकीत असताना मंजुरीचा ओटीपी फोनवरून कारकुनाला सांगत असतील, तर दोन हातांचा नियम कागदावरच राहतो. आणि मंजुरी देणाऱ्या साखळीतच खोट असेल तर कुलूप काही करू शकत नाही. २०१८ साली तामिळनाडूच्या दक्षता विभागाने अण्णा विद्यापीठाच्या पुनर्मूल्यांकनात पैसे घेऊन गुण वाढवल्याच्या आरोपावरून गुन्हा नोंदवला. आरोपींमध्ये तत्कालीन परीक्षा नियंत्रकही होत्या. आरोप असा होता की बदल नियमित मार्गानेच, पुनर्मूल्यांकनातूनच झाले. असे काही चालले असेल तर ते एकेका विनंतीत दिसत नाही, ते ढिगात दिसते: बहुतेक बदल उत्तीर्णतेच्या रेषेच्या अगदी खालून वर जाणारे, एकाच पुनर्परीक्षकाचे, कमी होणारे गुण जवळजवळ शून्य.

म्हणून नोंद ठेवण्याइतकेच ती मोजणे लागते, आणि मोजणारा परीक्षा विभागाबाहेरचा लागतो. काम फार नाही. समजा, सत्राअखेरीस महाविद्यालयातल्या लेखापरीक्षणाच्या प्राध्यापिका दोन आकडे मागतात. मंजूर झालेल्या विनंत्या निघतात ४२. मग त्या कपाटातली गोठवलेली प्रत आजच्या तक्त्याशी ताडून पाहतात. फरक निघतात ४३.

जास्तीच्या फरकाचा बैठक क्रमांक आहे, पण विनंती नाही आणि नोंदही नाही. अंतर्गत गुण १५ चे १६ झालेले. डेटाबेसच्या सर्व्हरचा वेगळा लॉग पाहिल्यावर रविवारी रात्री कंपनीच्या अभियंत्याने चालवलेला एक आदेश सापडतो. विचारल्यावर तो सांगतो, की प्राध्यापकांनी फोन केला होता, १५.५ चे पूर्णांक करायचे राहिले होते, एका गुणासाठी कशाला विनंती? प्राध्यापकही तेच सांगतात, आणि मूळ गुणपत्रकावर खरोखरच साडेपंधरा आहेत. समिती १६ गुण लगेच कायम करत नाही. तक्त्यात पुन्हा १५ आणले जातात, विनंती क्रमांक ४३ रीतसर तयार होते, विभागप्रमुख पाहतात, नियंत्रक मंजूर करतात आणि १६ पुन्हा भरले जातात. अभियंत्याचे थेट खाते त्याच दुपारी बंद होते.