दहावी मिसळ कोणाच्या खिशातून?

नऊ मिसळी खा, दहावी फुकट. गल्ल्याशेजारी ठेवलेलं हे छोटं कार्ड आता इतकं सवयीचं झालंय की मालकाला त्याचा खर्च विचारला, तर तो सहज म्हणतो, "दहावर एक, म्हणजे दहा टक्के. तेवढं चालतं." हा हिशेब चुकीचा आहे. कुठे चुकतो ते कळलं, की मॉलमधल्या पॉइंटांपासून विमान कंपन्यांच्या मैलांपर्यंत सगळ्या निष्ठा-योजनांचं मर्म हाती येतं.

समजा, मिसळीची किंमत शंभर रुपये आहे आणि मटकी, फरसाण, तेल, मसाला, पाव, गॅस मिळून मालखर्च पंचेचाळीस. भाडं आणि पगार द्यायचेच असतात, ते तूर्त बाजूला ठेवू. एका मिसळीमागे पंचावन्न रुपये सुटतात. आता वर्षाला चाळीस वेळा येणारं एक बांधलेलं गिऱ्हाईक घ्या. कार्ड नसताना त्याच्याकडून 2200 रुपये सुटत होते. कार्ड आल्यावरही तो चाळीसच वेळा आला, तर छत्तीस मिसळींचे पैसे मिळतील आणि चार फुकट जातील. छत्तीस पंचावन्ने 1980, त्यातून चार मिसळींचा मालखर्च 180 वजा, उरले 1800. चारशे रुपये गेले. मालकाला वाटत होतं की फुकटची मिसळ त्याला पंचेचाळीसला पडते. पण या माणसाने ती दहावी, विसावी, तिसावी मिसळ पैसे देऊनच खाल्ली असती. म्हणून ती शंभराला पडली.

ही तूट भरून निघायला त्याने किती वेळा यायला हवं? कार्डाच्या दहा खेपांत नऊ वेळा पंचावन्न मिळतात आणि एकदा पंचेचाळीस जातात, म्हणजे 450 रुपये, खेपेला पंचेचाळीस. 2200 रुपयांना एकोणपन्नास खेपा लागतात. चाळिसाचे एकोणपन्नास, म्हणजे बावीस टक्के वाढ, आणि तीही फक्त पूर्वीच्या जागी परत यायला. किराणा दुकानात रुपयामागे बारा पैसे सुटत असतील आणि दुकानदार दोन पैशांचे पॉइंट देत असेल, तरी विक्री वीस टक्के वाढल्याशिवाय बरोबरी होत नाही. ज्या धंद्यात सुटतं कमी, तिथे दोन टक्क्यांचे पॉइंटही जड असतात.

कार्डाने खेपा वाढतात का? थोड्याफार वाढतात, यात शंका नाही. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात झेवियर ड्रेझ आणि जोसेफ न्यून्स या दोन अभ्यासकांनी अमेरिकेतल्या एका मोटार धुण्याच्या केंद्रावर तीनशे कार्डं वाटली. अर्ध्या कार्डांवर आठ शिक्के जमवायचे होते. उरलेल्यांवर दहा जमवायचे होते, पण दोन आधीच मारलेले होते. दोन्हीकडे खरी मेहनत आठच धुण्यांची. तरी कोऱ्या कार्डांपैकी 19 टक्के पूर्ण झाली आणि दोन शिक्के मारलेल्यांपैकी 34 टक्के. सुरुवात झालेली दिसली की माणूस शेवट गाठायला बघतो. कॉफीच्या कार्डांवर झालेल्या अभ्यासातही हेच दिसलं की बक्षीस जवळ आलं, की लोक लवकर लवकर येतात. मात्र बक्षीस मिळून नवं कार्ड सुरू झालं, की पुन्हा संथ होतात.

हे संथ होणं मालकाने डोळ्यांत तेल घालून पाहावं. आठव्या आणि नवव्या शिक्क्याला माणूस चार दिवसांनी येतोय आणि दहाव्यानंतर तीन आठवडे दिसत नाही, तर त्याची भूक वाढलेली नाही. पुढच्या महिन्याची मिसळ त्याने याच महिन्यात खाल्ली, एवढंच. गल्ला त्या आठवड्यात भरलेला दिसतो म्हणून योजना यशस्वी वाटते.

याहून मोठी फसगत एका आकड्याने होते आणि तो आकडा भल्याभल्या कंपन्यांच्या सादरीकरणात मोठ्या अक्षरात असतो: 'सभासद इतरांपेक्षा दुप्पट खरेदी करतात.' करणारच. कार्ड कोण घेतं? जो आधीपासून येत होता तोच. वर्षातून एकदा येणाऱ्याला खिशात आणखी एक पुठ्ठा नको असतो. सभासद आणि बिगरसभासद यांची तुलना म्हणजे तालमीत जाणाऱ्यांची वजनं मोजून तालमीला श्रेय देण्यासारखं. दणकट पोरं आधीच तालमीत जात होती.

खरी परीक्षा करायची तर काही लोकांना कार्ड द्यायचं आणि तशाच काहींना द्यायचं नाही. बिलावर मोबाइल नंबर घेण्याची पद्धत असेल तर हे अवघड नाही. ज्यांच्या नंबराचा शेवटचा आकडा विषम, त्यांना आता कार्ड; सम असेल त्यांना "योजना टप्प्याटप्प्याने सुरू करतोय, तुमचा नंबर तीन महिन्यांनी" असं सांगायचं. थोडी कुरकुर होते, ती सोसावी. एक पथ्य मात्र कडक पाळायला हवं. विषम आकडेवाल्यांपैकी ज्यांनी कार्ड घेतलंच नाही, त्यांनाही विषम गटातच धरायचं. त्यांना वगळलं की मघाचीच फसगत मागच्या दाराने परत येते.

आपल्या मिसळीच्या दुकानात हे करून पाहू. आकडे अर्थात कल्पनेतले, पण हिशेबाची रीत खरी. दोन्ही गटांत तीनतीनशे माणसं आहेत. कार्ड नसलेल्यांच्या तीन महिन्यांत 3000 खेपा झाल्या, कार्डवाल्यांच्या 3300. दहा टक्के वाढ झाली म्हणून मालक पेढे वाटायला निघेल. पण लागत होती बावीस टक्के. 3000 खेपांचे पंचावन्नप्रमाणे 1,65,000 सुटत होते. आता 3300 खेपांचे पंचेचाळीसप्रमाणे 1,48,500. विक्री वाढली आणि साडेसोळा हजार गेले.

हे पैसे गेले कुठे, तेही पाहता येतं. त्यासाठी कार्ड यायच्या आधीच्या नोंदींवरून दोन वाट्या करायच्या. नंतरच्या नोंदी घेतल्या तर कार्डाने बदललेली माणसंच निवडली जातील. समजा, तीनशेपैकी साठ जण नेहमीचे होते आणि तीन महिन्यांत सरासरी तीस वेळा येत होते, म्हणजे 1800 खेपा. उरलेले 240 जण पाचपाच वेळा यायचे, त्यांच्या 1200. कार्डानंतर नेहमीच्या साठ जणांच्या खेपा 1820 झाल्या, फक्त वीस जास्त. त्या वीस खेपांसाठी त्यांना 182 मिसळी फुकट गेल्या. अधूनमधून येणाऱ्यांच्या मात्र 1480 झाल्या, तेवीस टक्के वाढ. तिथे बरोबरी होऊन थोडं उरलं. शिवाय त्यांतल्या अनेकांची कार्डं अर्धवट राहतात, म्हणजे प्रत्यक्षात आणखी थोडं उरेल. दुकानाचा तोटा झाला तो ज्यांच्यावर दुकान चालतं त्यांच्यामुळे, आणि त्यात त्या बिचाऱ्यांचा काही दोष नाही.

ते साठ जण निष्ठावान होतेच. कार्डाने त्यांना एवढंच शिकवलं की इथल्या मिसळीची खरी किंमत नव्वद आहे. पुढे कार्ड बंद केलं, तर त्यांना ते दहा रुपयांची दरवाढ वाटणार.

पॉइंटांतून सवलतीपलीकडे काही मिळवल्याचं नेहमी दिलं जाणारं उदाहरण म्हणजे ब्रिटनमधली टेस्को. तिचं क्लबकार्ड फेब्रुवारी 1995 मध्ये देशभर सुरू झालं. पौंडाच्या खरेदीवर पेनीभर परतावा, साधारण एक टक्का. पण एडविना डन आणि क्लाइव्ह हंबी या दांपत्याच्या कंपनीने त्या कार्डांतून कोणतं घर काय घेतं आणि काय घेत नाही हे वाचून दाखवलं. त्यानुसार घराघराला वेगळी कूपनं टपालाने जाऊ लागली. तुम्ही मांस घेतच नसाल तर मांसाचं कूपन नाही. टक्काभर परतावा हा खरं तर गिऱ्हाइकाकडून त्याची यादी विकत घेण्याचा दर होता. त्याच वर्षी टेस्को सेन्सबरीला मागे टाकून ब्रिटनची सर्वांत मोठी किराणा साखळी झाली. सगळं श्रेय कार्डाला द्यायला मी तयार नाही. दुकानंही तेव्हा सुधारत होती. प्रतिस्पर्धी सेफवेने आपलं कार्ड 2000 साली गुंडाळलं आणि तो पैसा दर उतरवण्याकडे वळवला. पुढे 2019 पासून टेस्कोनेही कार्डधारकांना एक दर आणि इतरांना दुसरा, असं सुरू केलं. व्यापार म्हणून ते ठीक असेल. पण जिथे कार्ड दाखवल्याशिवाय नेहमीच्या दरात वस्तू मिळत नाही, तिथे कार्ड हे प्रवेशपत्र झालं. त्याला निष्ठा म्हणवत नाही.

आपल्याकडे निष्ठेची जुनी खूण होती वाण्याची उधारीची वही. तिच्यात दुकानदार गिऱ्हाइकावर विश्वास टाकायचा आणि म्हणून गिऱ्हाईक दुसरीकडे जायला ओशाळायचं. पॉइंटांच्या योजनेत उलट दुकानदारच गिऱ्हाइकाचा देणेकरी असतो, आणि देणं फिटलं की नातं संपतं.

मग मिसळवाल्याने काय करावं? माझ्या मते दोन गोष्टी. एक, जे आधीच घडतंय त्याला बक्षीस देऊ नये. रविवारी सकाळी रांग लागलेली असताना शिक्का कशाला? शिक्का मंगळवारी दुपारी तीन ते सहा मारावा, जेव्हा टेबलं रिकामी असतात. दोन, बक्षीस असं निवडावं की गिऱ्हाइकाला ते मोठं वाटेल आणि दुकानाला स्वस्त पडेल. दहाव्या खेपेला मिसळीऐवजी तीस रुपयांना विकलं जाणारं ताक दिलं आणि त्याचा खर्च आठ रुपये असला, तर दहा खेपांत 450 च्या जागी 542 रुपये सुटतात. बरोबरीला मग बावीस टक्के वाढ लागत नाही, दीड टक्का पुरतो. यात मेख एकच: जो रोज ताक विकत घेतो त्याला फुकट दिलं, की पुन्हा पहिल्या पानावर. आणि नेहमीच्या साठ जणांना पैशांत काही देऊच नये. गर्दीत त्यांचं टेबल राखावं, न सांगता तर्री वेगळी आणून द्यावी. याची गिऱ्हाइकाच्या मनात दरवाढ होत नाही.

ताकाच्या ग्लासाला मिसळीइतकी ओढ नसेल, हेही शक्य आहे. ते सम आणि विषम नंबरांच्या त्याच मोजणीतून कळेल. म्हणून जे दुकानदार हे वाचत असतील त्यांना एवढंच सांगणं: कार्डं छापायला टाकण्याआधी तीन महिने प्रत्येक बिलावर नंबर लिहून ठेवा. कार्ड वाटून झाल्यावर ती नोंद कितीही पैसे मोजले तरी मिळत नाही.